डिसेंबर पक्का, काकू

अंबुजाअक्कांची आणि माझी पहिली ओळख फोनवरच्या आवाजाची. आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो त्याला आठ वर्षं झाली. उदयची नोकरी इथल्या कंपनीत, माझी घरून चालणारी. कुवेंपुनगरात भाड्याने राहत होतो आणि रिंग रोडपलीकडे एका मोठ्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. बिल्डरचं नाव सांगत नाही, प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. त्याच्या ऑफिसातून पहिला फोन आला तो अक्कांचा. माझं आडनाव वाचून त्या एकदम मराठीत बोलल्या, "तुम्ही आपलेच की! आमचंही घरचं बोलणं मराठीच. थोडं कन्नड पडतं मधे, हसू नका."

त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबा कधीतरी इकडे आले आणि देवराज मोहल्ल्यात साड्या रंगवायचं काम करू लागले. वडील नागोजीराव हे घराण्यातले शेवटचे रंगारी. त्यांच्यामागे कढया विकल्या गेल्या आणि दुकानात आता ब्लाउजपीस मिळतात, तेही चुलत्यांचे. अक्कांच्या नवऱ्याचा छोटा छापखाना होता, तो बंद पडल्यापासून घर अक्कांच्या पगारावर चाललं होतं. मुलगी रम्या अकरावीला. बिल्डरच्या ऑफिसात अक्कांना नऊ वर्षं झाली होती. फ्लॅट घेणाऱ्यांशी बोलणं, त्यांचे फोन घेणं, ग्रुपवर आणि मेलवर कंपनीचे निरोप पाठवणं, हे त्यांचं काम. वय चव्वेचाळीस. कायम इस्त्रीची सुती साडी आणि केसात जाईचा छोटा गजरा. रागावलेल्या माणसाला शांत करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्याच इमारतीत, आमच्याच बी टॉवरमध्ये, जयवंतीकाकूंनी फ्लॅट घेतला होता. काकू सरस्वतीपुरमच्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान दत्तोजीराव पोस्टातून निवृत्त. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेलेली. त्यांना मूलबाळ नाही. सरस्वतीपुरममध्ये एका घराच्या तळमजल्यावर ते एकतीस वर्षं भाड्याने राहत होते, त्यामुळे नजर नसतानाही दत्तोजीराव त्या घरात स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचे. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटे जाऊन यायचे. आयुष्यभराची शिल्लक घालून स्वतःचं घर घ्यावं, आणि तेही लिफ्टचं, असं काकूंनी ठरवलं ते पुढच्या म्हातारपणाचा विचार करून.

आणि अंबुजाअक्का ही काकूंची विद्यार्थिनी. आठवी ते दहावी. "अंबूचं व्याकरण फार चांगलं होतं," काकू मला कौतुकाने सांगायच्या. "कर्ता, क्रियापद, कर्म, खडाखडा ओळखायची. बघ, आता कंपनीची सगळी इंग्रजी पत्रं तीच लिहिते."

फ्लॅटचा ताबा द्यायची करारातली तारीख होती एकतीस डिसेंबर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ग्रुपवर मेसेज आला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा: बी टॉवरची ताबा देण्याची प्रक्रिया डिसेंबरमध्ये सुरू होणे अपेक्षित आहे. खाली दिव्यांची आणि फुलांची चित्रं. ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस पडला. मीही टाळ्या वाजवणारे हात टाकले.

काकूंचा अकरा महिन्यांचा भाडेकरार ऑक्टोबरअखेर संपत होता. घरमालकाने सांगितलं, पुन्हा पूर्ण अकरा महिन्यांचा करार करा, नाहीतर सोडा, दुसरं कुटुंब तयार आहे. दोन महिन्यांसाठी अकरा महिने कशाला अडकायचं? काकूंनी दत्तोजीरावांना रिक्षात घातलं आणि त्या थेट बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. तिथे काय झालं, ते मला पुढे अक्कांनीच सांगितलं.

"अंबू, मेसेज मी वाचला. पण तू सांग. डिसेंबर पक्का का? घर सोडायचंय मला."

अक्कांना ठाऊक होतं की लिफ्टची ऑर्डर अजून गेलेली नाही. अग्निशमन खात्याकडे अर्जसुद्धा गेला नव्हता. पण त्याच आठवड्यात त्यांचा साहेब, शशांक, सगळ्यांना बसवून म्हणाला होता की ग्राहकासमोर कुणीही शंका काढायची नाही. आणि समोर काकू बसलेल्या, त्यांना पाहून दुसऱ्या टेबलावरची माणसं आदराने उठून उभी राहिलेली, दत्तोजीराव हसत विचारत होते की गॅलरीत ऊन कुठल्या वेळी येईल. अक्का ऑफिसात कधी मराठी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"पक्का, काकू. डिसेंबर पक्का. तुम्ही द्या नोटीस."

मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "शशांकच्या भीतीनं बोलले असं वाटतंय तुम्हाला. तेवढंच असतं तर बरं होतं. मला त्यांचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता. अष्टेच. तेवढ्यासाठीच."

काकूंनी घर सोडलं. डिसेंबरपर्यंत म्हणून आमच्याच गल्लीत एक वरच्या मजल्यावरची खोली घेतली, बाहेरून अरुंद जिना असलेली. सामानाची निम्मी खोकी उघडलीच नाहीत. दोन महिन्यांसाठी कोण उघडतं! डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेसेज आला, आतल्या फर्निचरच्या कामापुरत्या किल्ल्या देता येतील. म्हणजे सुतार जाऊ शकेल, माणूस राहू शकणार नाही. महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते नव्हतं. लिफ्ट नव्हती. जानेवारीत आलं, काही सरकारी परवानग्यांची प्रतीक्षा आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. फेब्रुवारीत एक पत्र आलं. मग पुन्हा मेसेज: काम वेगाने सुरू आहे.

मार्चमध्ये सकाळी सात वाजता दत्तोजीराव त्या जिन्यावरून पडले. दूधवाल्याची हाक ऐकून, काकू आंघोळीला गेलेल्या म्हणून, स्वतः खाली निघाले होते. चौथी पायरी इतरांपेक्षा उंच होती. खुब्याचं हाड मोडलं. उदयने आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. मी संतापाने ग्रुपवर सगळं लिहिलं. कोण, कसे पडले, त्या खोलीत का राहत होते. अक्कांनी ते वाचलं असणार, ग्रुप त्याच चालवायच्या. कंपनीतर्फे उत्तर आलं की दत्तोजीरावांना लवकर आराम पडो. हात जोडलेलं चित्र.

दवाखान्यात त्या आल्या नाहीत. काकूंनी दोनदा विचारलं, "अंबूला कळलं का गं?" मी म्हटलं, कळलंय. मग काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

जूनमध्ये कंपनीचा मेल आला, सोबत एका पानाचं पत्र. बी टॉवरचा ताबा आता ऑक्टोबरमध्ये देण्याचं नियोजन आहे, सोबतच्या पत्रावर सही करून पाठवा, सही केलेल्यांना ताबा देताना प्राधान्य आणि स्वयंपाकघराची चिमणी भेट. दुसऱ्याच दिवशी मला अक्कांचा फोन. "अदिती, फॉर्मॅलिटी आहे. सगळे करतायत. लवकर केलं तर तुमचं नाव वर राहील." मी त्याच संध्याकाळी सही करून पाठवली. चिमणीची मला हाव नव्हती, पण नाव वर राहील हे ऐकून बरं वाटलं होतं.

काकूंनी केली नव्हती. कारण साधं होतं, त्यांच्याकडे प्रिंटर नव्हता आणि दत्तोजीरावांच्या व्यायामाच्या वेळा सांभाळताना सवड नव्हती. एका रविवारी सकाळी मी पत्राची प्रिंट काढून त्यांच्याकडे गेले. दत्तोजीराव पलंगावर बसून पाय हळूहळू उचलत होते. काकूंनी चष्मा लावला, पेन उघडलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

अंबुजाअक्का दारात होत्या. हातात केळी आणि एक कापडी पिशवी. त्यांनी आधी दत्तोजीरावांकडे पाहिलं, मग काकूंच्या हातातल्या कागदाकडे, आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "बेडा, काकू. नको. सही नका करू."

दत्तोजीरावांनी विचारलं, "कोण? अंबू का?"

"हो, काका."

"ये. किती दिवसांनी आलीस."

त्या आत आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. जमिनीवर बसल्या. मी म्हटलं, आणि माझा आवाज चढलाच, "सही नका करू म्हणजे? अक्का, मी केलीय. तुम्हीच फोन केला होता."

"माहीत आहे."

"फॉर्मॅलिटी म्हणालात."

"म्हटलं मी तसं." त्यांनी मान खाली घातली. "बी टॉवरचे अठ्ठेचाळीस फ्लॅट. एकतीस जणांनी सही केली. एकतीसही फोन मी केले. काकूंना करायचा राहिला होता. काल शशांक म्हणाला, तुमच्या टीचर राहिल्यात, त्या तुमचं ऐकतील. तेव्हा... नाही झालं मला."

काकूंनी पेन बंद करून बाजूला ठेवलं. "काय आहे या कागदात?"

"वाचा ना तुम्ही, काकू. तुम्ही मला शिकवलंत. तिसरी ओळ."

काकूंनी मोठ्याने वाचलं. करारातील ताब्याची तारीख उभय पक्षांच्या संमतीने बदलण्यात येत असून ग्राहकाची याबाबत कोणतीही तक्रार नाही. मी तो कागद सही करताना पाहिला होता, वाचला नव्हता. पहिल्या दोन ओळी आभाराच्या होत्या, तिथेच माझी नजर घसरली होती.

"आज तुमच्या हातात करारातला एकतीस डिसेंबर आहे," अक्का म्हणाल्या. "तो उलटला, म्हणजे उशीर झाला. उशिराच्या दर महिन्याचं व्याज कंपनीनं द्यायचं, कायद्यात आहे. रेराकडे, म्हणजे बिल्डरांवरच्या सरकारी प्राधिकरणाकडे, जाता येतं. यावर सही केलीत की कंपनीचा वकील म्हणणार, उशीर कुठे झाला? तुम्हीच ऑक्टोबरला हो म्हटलंत."

"हा मसुदा कुणी लिहिला?" काकूंनी विचारलं.

"वकिलानं. आभाराच्या दोन ओळी माझ्या."

मग त्यांनी पिशवीतून कागद काढले. ऑगस्टपासून ग्राहकांना आलेले सगळे मेसेज, मेल आणि पत्रं, एकूण चौदा. "ऑफिसातला एकही कागद नाही यात," त्या लगेच म्हणाल्या. "जे तुम्हाला आलंय तेवढंच. बाकीचं मी बाहेर आणणार नाही." मला त्या वेळी हा शहाणपणा आवडला नव्हता. आता वाटतं, बरोबर होतं.

कागद पलंगाच्या पायथ्याशी पसरले. काकू खाली वाकून बघू लागल्या, आणि त्यांच्यातली शिक्षिका जागी होताना मी पाहिली. पहिला कागद ऑगस्टचा. त्यांनी बोट ठेवलं. "ताबा देण्याची प्रक्रिया सुरू होणे अपेक्षित आहे. कर्ता कोण, अंबू?"

"प्रक्रिया."

"प्रक्रिया घर देते का?"

"नाही."

"अपेक्षित कुणाला?"

"तेच लिहिलेलं नाही, काकू. मी आधी लिहिलं होतं, आम्ही ताबा देऊ. शशांकनं परत पाठवलं. म्हणाला, 'आम्ही' काढा, 'देऊ' काढा. मग हे झालं." त्या बोलत राहिल्या, जणू कित्येक महिने कुणी विचारायचीच वाट बघत होत्या. "आणि सुरू होणं म्हणजे संपणं नव्हे. डिसेंबरात एका माणसाला एक किल्ली दिली तरी वाक्य खरं. म्हणून तर त्या फर्निचरच्या किल्ल्या दिल्या."

असं करत त्या एकेक कागद घेत गेल्या. परवानग्यांची प्रतीक्षा आहे, हा जानेवारीचा. "यात वाटतं अर्ज झालाय आणि सरकार अडवतंय. अर्ज कधी केला, ते बघा कुठे आहे का." नव्हतं. काम वेगाने सुरू आहे: वेग कशाच्या मानाने? दिवाळीच्या सुमारास: दिवाळी गेल्यावर सुमार केवढा? ऑक्टोबरमध्ये देण्याचे नियोजन आहे: नियोजन मोडलं तर वाक्य खोटं ठरत नाही. मी लाल पेनाने प्रत्येकावर फुली मारत होते. यातल्या निम्म्यांवर मी टाळ्या टाकल्या होत्या.

फेब्रुवारीच्या पत्रापाशी अक्का थांबल्या. ते कंपनीच्या कागदावर होतं, एका संचालकाची सही होती. त्या महिन्यात काही ग्राहक ऑफिसात जाऊन बसले होते, त्यांना शांत करायला घाईत काढलेलं पत्र. काकूंनी वाचलं. कंपनी पंधरा एप्रिलपर्यंत बी टॉवरची लिफ्ट बसवेल आणि ओसीसाठी अर्ज दाखल करेल.

"कर्ता आहे," काकू म्हणाल्या.

"आहे. तारीख आहे. सही आहे. अपेक्षित नाही, सुमारे नाही, अमुक झालं तर असंही नाही. शशांक त्या दिवशी चेन्नईला होता म्हणून हे असं गेलं. करार सोडला तर या ढिगात हे एकच पक्कं आहे."

"पण लिफ्ट कुठे बसलीय?" मी म्हटलं. "पंधरा एप्रिल जाऊन दोन महिने झाले. मग हे पक्कं कसं?"

"पक्कं म्हणजे ते पाळतील असं नव्हे, अदिती. पक्कं म्हणजे मोडलं तर मोडलं असं दाखवता येतं. बाकीच्यांना मोडताच येत नाही, ते पाण्यासारखे आहेत. पण एक आहे, जानेवारीच्या मेसेजात आम्ही दिलगिरी लिहिलीय. उशीर आमच्याकडून कबूल झाला त्यात. तो टाकू नका, वेगळा ठेवा."

मी चौदावा कागद हातात धरून बसले होते. मी सही करून पाठवलेल्या पत्राचा. दत्तोजीराव पलंगावरून म्हणाले, "अंबू, आता खरं सांग. कधी?"

"मी तारीख सांगणार नाही, काका. मला अधिकार नाही. एवढं सांगते, लिफ्ट बसायला, तिची तपासणी व्हायला, अग्निशमनवाले यायला, मग महापालिका, हे एकामागून एक होतं, एकदम होत नाही. माझं घर असतं तर मी ऑक्टोबर धरला नसता. पुढचा उन्हाळा धरला असता."

काकूंनी चष्मा काढला. "हेच तू ऑगस्टात सांगितलं असतंस तर?"

"तर तुम्ही खाली राहिला असता. सरस्वतीपुरममध्ये."

"मला इंग्रजी येत नव्हतं का गं? अपेक्षित शब्द मला दिसला नव्हता का? दिसला होता. मी तो मेसेज वाचून घर सोडलं नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघून सोडलं."

अक्का रडतील असं मला वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. फक्त मान हलवत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दवाखान्याच्या गेटपर्यंत आले होते मी. दोनदा. समोरच्या रसवंतीत बसून परत गेले. काका शुद्धीवर असले तर काय म्हणायचं, तेच सुचेना."

"काही म्हणायचं नव्हतं," दत्तोजीराव म्हणाले. "यायचं होतं."

काकूंनी सही केली नाही. त्या आठवड्यात त्यांनी सरस्वतीपुरममध्येच, जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर, तळमजल्याचं घर पूर्ण अकरा महिन्यांच्या कराराने घेतलं. सगळी खोकी उघडली. ऑक्टोबरच्या भरवशावर राहिल्या असत्या तर त्या जिन्यावर आणखी दहा महिने काढावे लागले असते. ज्यांनी सही केली नव्हती असे सतरा जण त्यांच्या नव्या घरात जमले, एका वकीलबाईंना घेऊन. तक्रारीला करार आणि फेब्रुवारीचं पत्र जोडलं, जानेवारीची दिलगिरी तिसरी. वकीलबाई म्हणाल्या, इतकी निवडून आणलेली कागदपत्रं त्यांना क्वचित मिळतात. कुणी निवडली, ते काकूंनी सांगितलं नाही.

अक्कांनी मात्र त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःच सांगून टाकलं होतं. सोमवारी ऑफिसात गेल्यावर त्या शशांककडे गेल्या आणि म्हणाल्या, मी एका ग्राहकाला सही नका करू म्हणून सांगून आले. त्याने त्यांना त्याच दिवशी राजीनामा द्यायला लावला. नऊ वर्षांच्या नोकरीतून त्या दुपारी दोनला डबा घेऊन बाहेर पडल्या आणि बसने न जाता चालत घरी गेल्या. मुलीला काय सांगायचं, ते ठरेना म्हणून.

मग त्यांनी जे केलं ते मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ज्या एकतीस जणांना त्यांनी सहीसाठी फोन केले होते, त्या सगळ्यांना पुन्हा फोन केले. ऑफिसची यादी त्यांच्याकडे राहिली नव्हती. पण नंबर ग्रुपवर होते आणि त्या अजून ग्रुपमध्ये होत्या, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. एकेकाला सांगितलं: मी त्याला फॉर्मॅलिटी म्हटलं ते खोटं होतं. वकिलाला दाखवा. सही परत घेतो असं लेखी कळवा, चालेल की नाही ते मला माहीत नाही, पण आजच कळवा. आठवडाभर दुपारी त्या हेच करत होत्या. मीही त्यांच्या सांगण्याप्रमाणे पत्र पाठवलं, नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह. उदय म्हणाला, "आधी फसवलं, आता मार्गदर्शन." मी त्याला गप्प केलं नाही. मलाही तेच वाटत होतं.

काही जणांनी फोन ठेवून दिला. एकाने कन्नडमध्ये अशा शिव्या दिल्या की रम्याने पलीकडच्या खोलीत ऐकल्या. एक निवृत्त बस कंडक्टर होते, मंड्याचे. ते सगळं ऐकून म्हणाले, "असू दे अम्मा, तुम्हालाही पोट आहे." अक्का मला म्हणाल्या, त्या शिव्यांचं त्यांना काही वाटलं नाही. या एका वाक्याने त्या रात्रभर तळमळल्या.

निकाल लागायला वर्ष उलटलं. सतरा जणांना एकतीस डिसेंबरपासून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज द्यावं असा आदेश झाला. आम्ही सह्या केलेले वेगळे गेलो होतो. आमचं म्हणणं अर्धवट मानलं गेलं, ऑक्टोबरनंतरच्या उशिरापुरतं. त्याविरुद्ध अपील चालू आहे. आदेश निघाला तरी रक्कम हाती यायला फेऱ्या माराव्या लागतातच, त्या सगळेच मारतोय.

ताबा मिळाला तो निकालाच्या आधी, एप्रिलमध्ये. अक्कांनी उन्हाळा म्हटलं होतं, तो उन्हाळाच निघाला. पण ताब्याच्या दिवशी ऑफिसात पुढे केलेल्या कागदात पुन्हा तशीच ओळ होती, ग्राहकाचे कंपनीकडे काहीही येणे बाकी नाही. काकूंनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, पेनाने खोडली, बाजूला आपला हक्क राखून ताबा घेत आहे असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि मग सही केली. टेबलापलीकडे नवी मुलगी होती. ती घाबरून साहेबाला बोलवायला गेली. काकू तिला म्हणाल्या, "घाबरू नकोस. तुझं नाव काय?" यशस्विनी, ती म्हणाली. काकू काहीतरी सांगणार होत्या, पण मग नुसतं तिच्या हातावर थोपटून उठल्या.

दत्तोजीराव आता वॉकर घेऊन चालतात. एकटे दुकानापर्यंत जाणं संपलं, ते कायमचंच. चहा अजून स्वतः करू बघतात, पण एका हाताने वॉकर धरलेला असताना जमत नाही. मग काकू आपणच उठून करून देतात.

अक्का आता देवराज मोहल्ल्यातल्या एका घाऊक कापडाच्या दुकानात पत्रव्यवहार बघतात, पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त. दर गुरुवारी संध्याकाळी काकूंकडे येतात आणि दत्तोजीरावांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. काकूंनी त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. एकदा मी विचारलं. काकू म्हणाल्या, "माफ केलं म्हटलं तर ती उद्यापासून सुटली असं होतं. मला तिला सोडायचं नाहीये. येऊ दे तिला."

मध्यंतरी माझ्या मैत्रिणीला तिच्या बिल्डरचा मेसेज आला आणि तिने तो मला पाठवला. मी फोन उचलून अक्कांना लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कर्ता विचारला, तारीख विचारली, सही कुणाची ते विचारलं. शेवटी म्हणाल्या, "यावर घर सोडू नका म्हणावं."

मी थँक्यू म्हटलं. फोन न ठेवता त्यांनी विचारलं, "अदिती, त्या मंड्याच्या कंडक्टरांचं काय झालं हो? ते अपिलात आहेत का तुमच्याबरोबर?"

"नाहीत," मी म्हटलं. "वकिलाचा खर्च नको म्हणाले."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.